सही झाली, अनुसमर्थन बाकी: मधल्या काळात देश कशाने बांधला जातो ते कसे तपासायचे

रशियाने १७ डिसेंबर १९९४ रोजी लिस्बनमध्ये ऊर्जा सनद करारावर, म्हणजे ऊर्जा क्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या करारावर, सही केली. त्यांच्या संसदेने या कराराला कधीच मंजुरी दिली नाही, म्हणजे अनुसमर्थन झालेच नाही. तरीही जुलै २०१४ मध्ये हेगच्या लवादाने याच कराराच्या आधारे युकोस तेल कंपनीच्या भागधारकांना ५० अब्ज डॉलरहून जास्त भरपाई देण्याचा आदेश रशियाला दिला. ज्या कराराचा रशिया पूर्ण सदस्यच नव्हता, त्यातून एवढी रक्कम निघाली ती एका कलमामुळे: कलम ४५, तात्पुरती अंमलबजावणी.

सही आणि अनुसमर्थन यांच्यामध्ये कधी काही महिने जातात, तर कधी दशके. या काळात देशावर दोन वेगवेगळी बंधने येऊ शकतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे, म्हणजे करारांच्या कायद्यावरच्या मूळ कराराचे, कलम १८ सांगते की सही केल्यावर कराराचे उद्दिष्ट आणि हेतू हाणून पाडेल असे काही करू नका. कलम २५ सांगते की पक्षांनी तसे ठरवले असेल, तर करार अंमलात येण्याआधीच पाळायला सुरुवात करा. पहिले बंधन 'करू नका' एवढेच म्हणते आणि सहीबरोबर आपोआप येते. दुसरे 'करा' म्हणते, पण ते वेगळ्या संमतीशिवाय येत नाही. एखाद्या कराराबद्दल 'सही केली आहे, मग बांधील आहे का?' असा प्रश्न समोर आला की पुढच्या क्रमाने जावे.

आधी तारखा मांडा

कराराचे कलम उघडण्याआधी कागदावर एक रेघ ओढा आणि तिच्यावर पाच तारखा लिहा. मसुदा स्वीकारला ती तारीख, त्या देशाने सही केली ती, अनुसमर्थनाचा दस्तऐवज दिला ती, करार सर्वसाधारणपणे अंमलात आला ती, आणि त्या विशिष्ट देशासाठी अंमलात आला ती. देशाने मध्येच 'आम्ही सदस्य होणार नाही' असे कळवले असेल, तर ती सहावी तारीख. संयुक्त राष्ट्रांकडे जमा असलेल्या करारांच्या या तारखा treaties.un.org वर त्या कराराच्या पानावर मिळतात. बाकीच्या करारांसाठी डिपॉझिटरी कोण ते शेवटच्या कलमांत पाहावे लागते. डिपॉझिटरी म्हणजे मूळ प्रत आणि सगळी पत्रे सांभाळणारा देश किंवा संस्था. ऊर्जा सनद कराराची डिपॉझिटरी पोर्तुगाल आहे.

सगळ्यात जास्त चुका चौथ्या आणि पाचव्या तारखेत होतात. ऊर्जा सनद करार १६ एप्रिल १९९८ रोजी अंमलात आला. वरवर वाचणारा म्हणतो, मग तात्पुरती अंमलबजावणी त्या दिवशी संपली. पण कलम ४५ मध्ये 'त्या सही करणाऱ्यासाठी करार अंमलात येईपर्यंत' असे शब्द आहेत. रशियासाठी तो कधीच अंमलात आला नाही, त्यामुळे त्यांची तात्पुरती अंमलबजावणी १९९८ नंतरही चालूच राहिली. युकोसवरची रशियन सरकारची कारवाई २००३ पासूनची. 'त्या सही करणाऱ्यासाठी' हे शब्द नसते, तर खटल्याचा पायाच उरला नसता.

सही कोणत्या प्रकारची आहे तेही इथेच पाहून घ्या. काही करारांत सहीनेच देश पूर्ण बांधला जातो. कलम १८ मधला सहीचा भाग लागतो तो 'अनुसमर्थनाच्या अधीन' असलेल्या सहीला.

कलम १८: हाणून पाडणे म्हणजे नेमके काय

पहिला प्रश्न, हे बंधन त्या देशाला लागते का. भारत व्हिएन्ना कराराचा सदस्य नाही. म्हणून भारताला कलम १८ लागतच नाही असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण या करारातले बरेच नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा, म्हणजे देशांच्या दीर्घ प्रथेतून तयार झालेल्या कायद्याचा, भाग मानले जातात आणि रूढ कायदा सदस्यत्व विचारत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या राम जेठमलानी प्रकरणात, भारत सदस्य नसल्याची नोंद करूनच, व्हिएन्ना करारातल्या अर्थ लावण्याच्या तत्त्वांचा आधार घेतला होता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: कोणती कृती उद्दिष्ट हाणून पाडते? कराराच्या प्रत्येक कलमाविरुद्धची कृती इथे बसत नाही. तसे असते तर सही आणि अनुसमर्थन यांत फरकच उरला नसता. कसोटी साधी ठेवावी. ही कृती झाल्यावर उद्या करार अंमलात आला, तर तो पाळण्यात काही अर्थ उरेल का? अर्थ उरत नसेल, किंवा समोरच्याला जे मिळणार होते ते कायमचे निसटत असेल, तर कलम १८ लागते. कृती फक्त गैरसोयीची असेल आणि नंतर परत फिरवता येत असेल, तर बहुतेक वेळा लागत नाही.

अणुचाचणी हे नेहमीचे उदाहरण. अमेरिकेने सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही केली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये सिनेटने तो फेटाळला. सही कायम असताना अमेरिकेने चाचणी केली असती, तर कलम १८ चा प्रश्न थेट उभा राहिला असता, कारण झालेला स्फोट मागे घेता येत नाही. भारताने या करारावर सहीच केली नव्हती. म्हणून मे १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांवर टीका झाली, निर्बंध आले, पण या कराराच्या कलम १८ चा मुद्दा आपल्याविरुद्ध उभा राहू शकत नव्हता.

उलट बाजूने भारताचेच एक उदाहरण पाहा. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून नाही. या सहीमुळे भारताला त्या कराराच्या समितीकडे अहवाल द्यावे लागतात का? नाही, कारण ते 'करा' प्रकारचे बंधन आहे. छळबंदी मात्र भारताला लागू आहेच, पण ती या सहीतून नव्हे, तर रूढ कायद्यातून आणि १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातून. कलम १८ वर युक्तिवाद रचण्याआधी तोच मुद्दा दुसऱ्या, भक्कम आधारावर उभा राहतो का ते पाहावे. बरेचदा राहतो.

कलम १८ न्यायालयात खरोखर कामाला आले ते ओपेल ऑस्ट्रियाच्या प्रकरणात. युरोपीय समुदायाने युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या कराराला मंजुरी देऊन १३ डिसेंबर १९९३ रोजी दस्तऐवज जमा केला. करार १ जानेवारी १९९४ ला अंमलात येणार होता आणि त्यात सदस्यांमधल्या सीमाशुल्काला बंदी होती. मधल्या काळात, २० डिसेंबरला, समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ऑस्ट्रियात बनणाऱ्या एफ-१५ गिअरबॉक्सवर ४.९ टक्के शुल्क बसवणारा नियम केला. कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी १९९७ मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला. त्यांचे म्हणणे असे की कलम १८ हे सद्भावनेच्या तत्त्वाचेच एक रूप आहे. करार कधी लागू होणार हे माहीत असताना त्याच्याविरुद्ध पाऊल टाकता येत नाही आणि व्यापारी या तत्त्वावर भिस्त ठेवू शकतो. नियम ज्या राजपत्रात छापला, त्यावर तारीख ३१ डिसेंबरची होती. प्रत्यक्षात अंक लोकांना ११ जानेवारीला मिळाला. मागची तारीख मुद्दाम टाकली असे न्यायालयाने नोंदवले. अशा प्रकरणांत छापील तारखेवर थांबू नये, प्रत लोकांच्या हाती कधी पडली तेही शोधावे.

हे प्रकरण कलम १८ च्या दुसऱ्या भागातले आहे. तिथे देशाने अंतिम संमती दिलेली असते आणि करार फक्त अंमलात यायचा असतो. हा भाग पहिल्यापेक्षा कडक लागतो, पण एका अटीवर: अंमलात येण्यास अवाजवी उशीर होता कामा नये.

कलम १८ मधून बाहेर पडायचे असेल तर सदस्य न होण्याचा इरादा स्पष्ट करावा लागतो. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारावर ३१ डिसेंबर २००० रोजी सही केली होती. ६ मे २००२ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले जॉन बोल्टन यांनी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांना जेमतेम काही ओळींचे पत्र पाठवले: अमेरिकेचा सदस्य होण्याचा इरादा नाही, त्यामुळे सहीतून तिच्यावर कोणतेही कायदेशीर बंधन नाही. मंत्र्याची मुलाखत किंवा संसदेतले भाषण यांवर वाद होऊ शकतो. डिपॉझिटरीकडे गेलेल्या पत्रावर होत नाही.

कलम २५: तात्पुरती अंमलबजावणी शोधा

'तात्पुरती' हा शब्द फसवा आहे. तात्पुरती असते ती मुदत. बंधन पक्केच असते. ते मोडले तर करार मोडल्याइतकीच जबाबदारी येते, हे आंतरराष्ट्रीय विधी आयोगानेही २०२१ च्या आपल्या मार्गदर्शक सूत्रांत मान्य केले आहे.

ही तरतूद बहुधा शेवटच्या कलमांत, 'अंमलात येणे' या शीर्षकाच्या आसपास सापडते. तिथे नसेल तर शोध थांबवू नका, कारण कलम २५ पक्षांना 'अन्य प्रकारे' सहमत होण्याची मुभा देते. वेगळा प्रोटोकॉल असू शकतो, पत्रांची देवाणघेवाण असू शकते. १९४७ चा गॅट करार तर एका वेगळ्या प्रोटोकॉलवरच चालला. भारताने तो ८ जुलै १९४८ पासून तात्पुरता लागू केला आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना येईपर्यंत जगाचा व्यापार त्याच तात्पुरत्या व्यवस्थेवर चालत राहिला.

तरतूद सापडली की तीन गोष्टी वाचायच्या: कधीपासून, किती आणि बाहेर कसे पडायचे. यातल्या 'किती'वरच खरी लढाई होते. कलम ४५ च्या पहिल्या उपकलमात म्हटले आहे की सही करणारा करार तात्पुरता लागू करील, 'अशी तात्पुरती अंमलबजावणी त्याच्या संविधानाशी, कायद्यांशी वा नियमांशी विसंगत नसेल त्या मर्यादेत'. गॅटच्या प्रोटोकॉलमध्येही 'विद्यमान कायद्याशी विसंगत नसेल तितके' अशीच पळवाट होती.

रशियाचा युक्तिवाद असा होता: कराराचे कलम २६ गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध लवादाकडे जाऊ देते. आमच्या कायद्यात सरकारी अधिकाराच्या वापराबद्दलचे वाद लवादाकडे जात नाहीत. म्हणून कलम २६ आम्हाला तात्पुरते लागू झालेच नाही. यावर तीन न्यायपीठांनी तीन वाटा धरल्या.

लवादाने नोव्हेंबर २००९ मध्ये 'सगळे किंवा काहीच नाही' अशी भूमिका घेतली. 'अशी अंमलबजावणी' म्हणजे संपूर्ण कराराची अंमलबजावणी. प्रश्न एवढाच की रशियन कायदा तात्पुरती अंमलबजावणी ही पद्धतच नाकारतो का. रशियाचा १९९५ चा करारविषयक कायदा तिला उघड परवानगी देतो. म्हणून संपूर्ण करार लागू. लवाद नेदरलंड्समधल्या हेगला बसला होता, म्हणून त्याच्या निवाड्यांना आव्हान तिथल्या न्यायालयांत गेले. एप्रिल २०१६ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने उलटे वाचन केले. 'त्या मर्यादेत' म्हणजे कलमागणिक तपासणी, आणि अशा लवादाला रशियन कायद्यात आधार नाही. निवाडे रद्द. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने मधली वाट काढली. तपासणी कलमागणिकच, पण विसंगती तेव्हाच जेव्हा देशी कायदा ते कलम तात्पुरते लागू करण्याला मनाई करतो. कायद्यात तरतूद नसणे म्हणजे मनाई नव्हे. निवाडे पुन्हा उभे राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयानेही हे वाचन मान्य केले. त्यानंतर उरला तो भागधारकांनी निवाडे फसवणुकीने मिळवल्याचा रशियाचा आरोप, आणि तोही पुढे टिकला नाही.

मला अपील न्यायालयाची वाट सर्वांत पटते. लवादाच्या वाचनात 'त्या मर्यादेत' हे शब्द जवळजवळ निरर्थक होतात. जिल्हा न्यायालयाच्या वाचनात सही करणाऱ्याला नंतर आपल्या कायद्याच्या पोतडीतून हवी ती विसंगती काढायची सोय मिळते. तुमच्यासमोर असा वाद आला तर दोन याद्या करा. देशी कायद्यात स्पष्ट मनाई कुठे आहे ती एकीकडे, आणि नुसती तरतूद नाही ती दुसरीकडे. दुसऱ्या यादीवर बचाव उभारू नका.

कलम ४५ मध्ये सहीच्या वेळी 'आम्हाला तात्पुरती अंमलबजावणी मान्य नाही' अशी घोषणा करण्याची सोयही होती. रशियाने ती केली नाही. लवादाने यामुळे रशियाचा पहिल्या उपकलमावरचा दावा बंद झाला असे मानले नाही, पण एक घोषणा केली असती तर पुढचा सगळा वादच टळला असता. सही करायला निघालेल्या शिष्टमंडळाच्या फाइलमध्ये ही नोंद सर्वांत वर हवी.

दोन्ही बाजू तपासायलाही विसरू नका. यजमान देश करार तात्पुरता पाळत असेल, पण गुंतवणूकदाराचा देश कराराच्या चौकटीतच नसेल, तर दावा उभा राहत नाही. जॉर्जियाविरुद्धच्या कार्डासोपुलोस प्रकरणात घटना १९९६ ची होती, करार अंमलात यायला दोन वर्षे होती. तिथे दावा टिकला, कारण जॉर्जिया आणि गुंतवणूकदाराचा देश ग्रीस दोघांनीही सही करून करार तात्पुरता लागू केलेला होता.

बाहेर पडण्याचे पत्र आणि त्यानंतरची शेपटी

करारात काही म्हटले नसेल तर कलम २५ प्रमाणे सोपे आहे: सदस्य होण्याचा इरादा नाही असे इतर देशांना कळवले की तात्पुरती अंमलबजावणी संपते. त्यासाठी ठरावीक मुदतीची अट नाही. करारात वेगळी सोय असेल तर तीच चालते.

ऊर्जा सनद करारात दोन आकडे आहेत. पत्र डिपॉझिटरीला मिळाल्यापासून ६० दिवसांनी तात्पुरती अंमलबजावणी संपते. पण त्या काळात झालेल्या गुंतवणुकींना संरक्षण आणि वादनिवारणाची कलमे पुढची २० वर्षे लागू राहतात. रशियाने २० ऑगस्ट २००९ रोजी पत्र दिले. ते ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले आणि त्याआधीच्या गुंतवणुकींचे संरक्षण ऑक्टोबर २०२९ पर्यंत चालणार. युकोसचे दावे तर २००५ पासूनच चालू होते. पत्राने त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. त्या पत्राने कलम १८ चे बंधन मात्र त्याच वेळी संपते, कारण 'सदस्य होणार नाही' हाच तर मजकूर असतो. एकाच कागदाने एक बंधन लगेच सुटते आणि दुसरे वीस वर्षे रेंगाळते.

भारतात एक जास्तीची पायरी

आपल्याकडे करार करणे हे कार्यकारी सत्तेचे काम आहे, अनुसमर्थनासाठी संसदेची मंजुरी लागत नाही. पण देशातला कायदा बदलायचा असेल तर अनुच्छेद २५३ खाली संसदेचा कायदा किंवा आधीच्या कायद्याने दिलेल्या अधिकारातली अधिसूचना लागते. सीमाशुल्कातली सवलत १९६२ च्या कायद्याच्या कलम २५ खालच्या अधिसूचनेने मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेस्ले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा लाभ १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खालच्या अधिसूचनेशिवाय न्यायालयात मागता येत नाही.

म्हणून भारताने एखादा करार तात्पुरता लागू केल्याची बातमी वाचून निर्यातदाराने किंवा करसल्लागाराने हिशेब बदलू नये. आंतरराष्ट्रीय पातळीवर भारत बांधला गेला असेल, पण बंदरावरचा अधिकारी अधिसूचनेचा क्रमांक विचारणार. राजपत्रातला तो क्रमांक आणि त्यातली लागू होण्याची तारीख मिळाली की मगच पुढे जा.

कलम लिहिण्याची वेळ तुमच्यावर आली तर

'कायद्याशी विसंगत नसेल त्या मर्यादेत' हा साचा टाळावा. युकोसने दाखवले की या शब्दांवर पंधरा वर्षे भांडता येते. त्याऐवजी लागू होणारी कलमे नावानिशी लिहा आणि बाहेर पडण्याचा हिशेब आकड्यांत द्या. नमुना असा:

> १) या कराराची प्रकरणे २ व ४ सहीनंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून तात्पुरती लागू होतील. वादनिवारणाचे प्रकरण ७ तात्पुरते लागू होणार नाही.
> २) ज्या तरतुदी आपल्या कायद्यामुळे तात्पुरत्या लागू करता येत नाहीत, त्यांची यादी प्रत्येक पक्ष सहीच्या वेळी डिपॉझिटरीला देईल. यादीत नसलेली हरकत नंतर घेता येणार नाही.
> ३) कोणताही पक्ष लेखी सूचनेने तात्पुरती अंमलबजावणी संपवू शकेल. सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांनी ती संपेल.
> ४) समाप्तीपूर्वी सुरू झालेल्या व्यवहारांना प्रकरण ४ समाप्तीनंतर आणखी २ वर्षे लागू राहील.

तिसऱ्या उपकलमात सूचना कोण देणार याचा विचार आधी करावा, विशेषतः एका बाजूला अनेक देश असतील तेव्हा. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातला सर्वंकष व्यापार करार २१ सप्टेंबर २०१७ पासून बराचसा तात्पुरता लागू आहे. गुंतवणूकदारांच्या न्यायालयाचा भाग त्यातून वगळला आहे. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ही तात्पुरती अंमलबजावणी होऊ दिली ती काही अटींसह, आणि त्यांतली एक अशी की गरज पडल्यास जर्मनीला ती एकतर्फी संपवता आली पाहिजे. पुढे २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने करार फेटाळला. कॅनडाला तशी सूचना मात्र कोणी दिली नाही, आणि करार तात्पुरता चालूच राहिला.